पावसाळी भिंतीला इलास्टोमेरिक रंग : हात मोजू नका, बादल्या मोजा

कोकणपट्टीत किंवा मुंबई-ठाण्यात इमारतीच्या चारही बाजूंना पाऊस सारखा लागत नाही. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे झडीचा सगळा मारा पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर होतो. पूर्वेकडच्या फ्लॅटमध्ये भिंत कोरडी ठणठणीत आणि पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये कपाटामागे बुरशी, हे दृश्य त्यामुळेच दिसतं. ताशी पन्नास किलोमीटरचा वारा भिंतीवर सुमारे १२ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब देतो. ऐकायला हा दाब किरकोळ वाटतो. पण प्लास्टरमधली केसासारखी भेग स्वतःच पाणी ओढून घेते, आणि वारा मागून रेटत राहिला की ते पाणी विटेपर्यंत पोहोचतं.

इलास्टोमेरिक रंग अशाच भिंतीसाठी असतो. वाळल्यावर त्याचा रबरासारखा ताणला जाणारा थर होतो आणि खालची भेग उघडमीट करत असली तरी तो वरून अखंड राहतो. सोसायटीच्या कमिटीत असताना मला हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावं लागलं. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट अशी की हा रंग विकला जातो ‘दोन हात’ या हिशेबाने, पण काम करतो जाडीच्या हिशेबाने. खालच्या बहुतेक पायऱ्या त्या जाडीसाठीच आहेत.

१. ओल बाहेरच्या भिंतीतूनच येते का, ते आधी ठरवा

रंगाने फक्त बाहेरून आत येणारं पाणी अडतं. ओल बारा महिने राहत असेल तर आधी बाथरूमचे पाइप आणि वरच्या मजल्यावरची फरशी तपासा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल असेल आणि तिथे लोणा लागलेला असेल, तर पाणी पायातून वर चढतंय. अशा भिंतीवर बाहेरून रबरी थर दिला तर पाणी आतच कोंडतं आणि आणखी वर चढतं. झडीचा पाऊस झाला की एक-दोन दिवसांत डाग गडद होतो आणि उघडीप मिळाली की फिका पडतो, असं असेल तर मात्र बाहेरच्या भिंतीवर संशय घ्यायला जागा आहे.

कोरड्या दिवसांत नळीने पाणी मारून खात्री करता येते, पण खालून वर जा. आधी खिडकीखालची भिंत पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि एकाला आत उभं करा. मग खिडकीच्या चौकटीचा सांधा, त्यानंतर छज्जा, सर्वात शेवटी गच्चीच्या कठड्याचा माथा. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि आत कुठून शिरलं ते कळत नाही. अनेक घरांत चोर भिंत नसतेच. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं आणि नंतर नीट न बुजवलेलं भोक पाणी आत घेत असतं. अशा भोकावर कितीही महागडा रंग मारला तरी उपयोग नाही.

२. भेगांची यादी करा

यासाठी प्लास्टिकचं पारदर्शक क्रॅक गेज ऑनलाइन स्वस्तात मिळतं. ते भेगेवर ठेवायचं आणि कोणती रेघ जुळते ते पाहायचं. गच्चीवरून आणि प्रत्येक खिडकीतून हात पोहोचेल तिथल्या भेगा मोजा, खडूने खूण करा, फोटो काढा. झुला लागल्यावर उरलेल्या भिंतीसाठी पुन्हा हेच करायचं.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या, नखाला न जाणवणाऱ्या भेगा प्लास्टर वाळताना आकसल्यामुळे पडतात. त्यांच्यासाठी प्रायमर आणि रंगाचा जाड थर पुरेसा असतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची किंवा त्याहून रुंद भेग आधी भरून घ्यायची. तिसरा प्रकार फसवा असतो. कॉलम-बीमचं काँक्रीट आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे सरळ उभी किंवा आडवी रेघ दिसते. काँक्रीट उन्हाने विटेपेक्षा जास्त प्रसरण पावतं. तीन मीटरचा बीम २५ अंशांनी तापला तर मोकळेपणी तो पाऊण मिलिमीटर लांबायला बघतो. ही भेग रोज दुपारी आणि पहाटे हलते, म्हणून ती नुसती बुजवून भागत नाही.

आणि भेगेतून गंजाचा तपकिरी ओघळ येत असेल, किंवा काँक्रीट फुगून कडा सुटली असेल, तर रंगाचा विषय तिथेच थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आतली सळई गंजतेय. वर रंग चढवलात तर ते फक्त दिसायचं बंद होईल.

३. कागदपत्रं, आणि बादल्यांचा हिशेब

ठेकेदाराशी दराची बोलणी करण्याआधी एवढं हातात असू द्या :

- निवडलेल्या रंगाचं आणि प्रायमरचं तांत्रिक माहितीपत्रक, म्हणजे टेक्निकल डेटा शीट. कंपनीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं.
- भिंतीचं मोजमाप, खिडक्या वजा करून.
- भेगांची यादी आणि फोटो.
- गॅरंटीचा मसुदा, काम सुरू होण्याआधी. बहुतेक गॅरंट्यांमध्ये भेगेच्या रुंदीची मर्यादा आणि ठरावीक प्रायमरची अट असते.

माहितीपत्रकात ‘३०० टक्के लांबतो’ असं काहीतरी ठळक लिहिलेलं असतं. त्या आकड्याने भुलू नका. रंग भेगेच्या दोन्ही काठांना चिकटलेला असतो, त्यामुळे ताण पडतो तो मधल्या अगदी अरुंद पट्टीवर. रंग लावल्यानंतर नवी भेग पडली तर त्या पट्टीची मूळ लांबी जवळपास शून्य असते, आणि शून्याच्या तिप्पट शून्यच. थर पातळ असेल तर तो तिथल्या तिथे फाटतो. जाड असेल तर ताण थराच्या जाडीत आजूबाजूला पसरायला जागा मिळते. म्हणून भेग सांधण्याचा आकडा शोधा आणि तो किती जाडीच्या थरावर तपासला आहे तेही बघा. ईएन १०६२-७ या युरोपीय मानकात ए१ ते ए५ असे वर्ग आहेत. ए२ म्हणजे पाव मिलिमीटरहून जास्त रुंदीची भेग सांधणारा रंग, ए३ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त.

आता हिशेब. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर पसरला तर ओला थर एक मिलिमीटर, म्हणजे १,००० मायक्रॉन होतो. त्यातलं पाणी उडून गेल्यावर उरतो तो घन भाग. माहितीपत्रकात हा घन भाग आकारमानाने आणि वजनाने असा दोन प्रकारे दिलेला असतो. आपल्याला आकारमानाचा हवा. वजनाचा आकडा नेहमी मोठा दिसतो आणि विक्रेता तोच सांगतो.

आमच्याकडची भिंत उदाहरण म्हणून घ्या. रुंदी ४० फूट, उंची ४५ फूट, खिडक्या वजा जाता सुमारे १,६०० चौरस फूट, म्हणजे १५० चौरस मीटर. वाळलेला थर २५० मायक्रॉन हवा, कारण निवडलेल्या रंगाची चाचणी त्या जाडीवर झालेली होती. आकारमानाने घन भाग ५० टक्के. म्हणजे ओला थर ५०० मायक्रॉन, दर चौरस मीटरला अर्धा लिटर. दीडशे मीटरला ७५ लिटर. भिंत सँड-फेस प्लास्टरची, खरखरीत. खाचांमध्ये आणि रोलरमध्ये जाणारा रंग धरून वीस टक्के वर, म्हणजे ९० लिटर. वीस लिटरच्या साडेचार बादल्या.

एका ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये याच भिंतीला ‘इलास्टोमेरिक, दोन हात’ म्हणून दोन बादल्या धरलेल्या होत्या. दर अर्थातच सर्वांत कमी. चाळीस लिटरमध्ये एक थेंब वाया गेला नाही असं मानलं तरी वाळलेला थर १३३ मायक्रॉन होतो, आणि खरखरीत भिंतीवर वाळूच्या दाण्यांच्या टोकांवर त्याहूनही कमी. साध्या बाहेरच्या इमल्शनपेक्षा तो जाड ठरेल, पण चाचणीतली भेग सांधण्याचा भरवसा त्यावर धरता येत नाही. तो माणूस खोटं बोलत नव्हता, दोन हात त्याने खरंच दिले असते.

म्हणून करारात ‘दोन हात’ लिहू नका. ‘वाळलेला थर किमान २५० मायक्रॉन, त्यासाठी किमान ९० लिटर, सीलबंद बादल्या कमिटीसमोर उघडल्या जातील’ असं लिहून घ्या. बादली लिटरची आहे की किलोची तेही पाहा. घनता १.३ असेल तर वीस किलोच्या बादलीत जेमतेम पंधरा लिटर रंग असतो.

४. भिंत धुवा, ठोका, वाळू द्या

हंगाम डिसेंबर ते एप्रिल. पाऊस गेल्या गेल्या ऑक्टोबरमध्ये काम काढलं तर भिंतीच्या पोटात चार महिन्यांचं पाणी असतं. मेच्या मध्यावर काढलं तर वळवाची धास्ती.

आधी सगळी भिंत हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. बद्द आवाज आला की तिथलं प्लास्टर विटेपासून सुटलेलं आहे. ते काढून नवं करा, आणि नव्या प्लास्टरला रंगाआधी २८ दिवस द्या. मग शेवाळ. तारेच्या ब्रशने खरवडून शेवाळनाशक द्रावण लावायचं, माहितीपत्रकात लिहिलं असेल तितका वेळ ठेवायचं आणि प्रेशरच्या पाण्याने धुवायचं. नुसतं खरवडलं तर मुळं तशीच राहतात आणि नव्या रंगाखालून डोकं काढतात.

जुना रंग टिकण्यासारखा आहे का, हे दोन गोष्टींनी कळतं. कोरड्या भिंतीवर तळवा घासा, पांढरी भुकटी हाताला लागली तर तो थर पिठूळ झालाय. आणि ब्लेडने फुलीसारख्या दोन चिरा पाडून वर चिकटपट्टी दाबा, झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर तो सगळा काढायलाच हवा. रबरी थर वाळताना आकसतो आणि खालच्या कच्च्या थराला सोलून काढतो. याच कारणासाठी बाहेरच्या भिंतीवर पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचा सर्रास हात मारू देऊ नका. ‘फिनिशिंग छान येतं’ म्हणून पेंटर आग्रह धरतात. पण पुट्टी पिठूळ राहिली, तर पुढे पोपडे सुटतात ते तिच्यापासूनच.

भिंत वाळली का, हे पाहायला दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर, किमान सोळा तास, ठेवा. सकाळी कागदाच्या आत पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची भिंत गडद झाली असेल तर अजून थांबा.

५. भेगा आणि सांधे भरा

अर्ध्या मिलिमीटरहून रुंद भेग ग्राइंडरने इंग्रजी व्हीच्या आकारात पाच ते दहा मिलिमीटर उघडा, ब्रशने धूळ काढा आणि ॲक्रिलिक क्रॅक फिलरने भरा. खोल असेल तर दोन वेळा, कारण फिलर वाळताना खाली बसतो. बारीक भेगेवर वरवर पातं फिरवून फिलर आत जात नाही, तो नुसता काठांवर बसतो.

काँक्रीट आणि विटेच्या सांध्यावर भेग भरल्यानंतर रंगाचा एक जाड पट्टा द्या, तो ओला असतानाच त्यात चार इंची फायबरग्लास जाळी दाबा आणि वरून पुन्हा रंग. जाळी काँक्रीट आणि वीट दोन्हीकडे सारखी गेली पाहिजे.

खिडकीच्या चौकटीभोवती रंग बसेल असा ॲक्रिलिक किंवा पीयू सीलंट वापरा. साधं सिलिकॉन नको. त्यावर पाण्यातला रंग धरत नाही, मण्यांसारखा गोळा होतो. आधीच्या कोणी सिलिकॉन भरलं असेल तर ते पातं घालून पूर्ण काढा. गच्चीच्या कठड्याचा माथाही याच वेळी आतल्या बाजूला उतार देऊन नीट करा आणि रंग माथ्यावरून आतपर्यंत न्या. माथा उघडा राहिला तर पाणी थराच्या मागून उतरतं.

६. प्रायमर, मग रंग

प्रायमर त्याच कंपनीचा आणि माहितीपत्रकात नाव असलेला, नव्या प्लास्टरवर क्षार सोसणारा. इथे फार सांगण्यासारखं नाही, फक्त तो लागलाय हे बघा. झुल्यावरून खाली येईपर्यंत कोण पाहतो, असा हिशेब असतो.

रंग घट्ट असतो आणि रोलर ओढताना हात भरून येतो, म्हणून पेंटर पाणी घालतात. माहितीपत्रकात पाच टक्के लिहिलं असेल तर वीस लिटरमागे एक लिटर, त्यावर नाही. पाणी मोजून घालणारा माणूस खाली बादलीपाशी ठेवा, पाण्याची बाटली वर झुल्यावर जाऊ देऊ नका. रोलर लांब लवेचा हवा. पहिला हात उभा, दुसरा आडवा. सँड-फेसच्या खाचांमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात आणि झड नेमकी तिथूनच शिरते, म्हणून रोलर उलटसुलट फिरवून ती बुजवायला लावा.

पहिला हात पांढरा आणि दुसरा तुमच्या छटेचा घ्या. सुटलेली जागा खालून दुर्बिणीतूनही दिसते. छटा फिकी निवडा, गडद भिंत जास्त तापते आणि सांधे जास्त हलतात. पश्चिमेची भिंत सकाळी सावलीत रंगवा. तापलेल्या भिंतीवर रंगाला वरून साय धरते, आत ओल राहते आणि फुगे येतात. थंडीत पहाटेचं दव पूर्ण सुकल्यावरच सुरुवात करा. जाड थराला वाळायला साध्या रंगापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा दुसऱ्या हातासाठी दुसरा दिवस धरा.

झुल्यावरच्या प्रत्येकाचा सेफ्टी बेल्ट झुल्याच्या दोराला नव्हे, गच्चीवर वेगळ्या बांधलेल्या दोराला अडकवलेला असू द्या. हे रोज सकाळी पाहायचं.

७. जाडी मोजून घ्या

वेट फिल्म गेज म्हणजे दातेरी पत्र्याचा छोटा तुकडा. ताज्या रंगात तो सरळ दाबायचा. ज्या दातांना रंग लागला त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या आणि कोरड्या राहिलेल्या पुढच्या दाताच्या दरम्यान ओली जाडी असते. आपल्या हिशेबात दर हाताला २५० मायक्रॉन हवेत. खरखरीत प्लास्टरवर गेज नीट टेकत नाही, म्हणून भिंतीवर आधीच एक गुळगुळीत फरशीचा तुकडा चिकटवून ठेवा आणि त्यावरूनही रोलर तसाच जाऊ द्या.

त्याच तुकड्यावरचा थर आठवड्याने ब्लेडने सोलून पाहा. बोटांत धरून ताणला की तो लांबतो आणि सोडला की हळूहळू परत येतो. मायक्रोमीटरमध्ये धरलात तर पाव मिलिमीटर भरायला हवा. रिकाम्या बादल्या बॅच नंबरसकट काम संपेपर्यंत गच्चीवर ठेवायला सांगा आणि बिल देताना मोजा. त्याआधी एकही भंगारात जाऊ देऊ नका.

८. पहिल्या पावसाळ्यात काय पाहायचं

सुरुवातीच्या सरींनंतर कधी कधी चिकट, तपकिरी-पांढरट ओघळ दिसतात. रंगातले साबणासारखे घटक बाहेर येतात, ते पाण्याने धुतले जातात. घाबरू नका. मऊ थर धूळ धरतो, रस्त्यालगतची भिंत वर्षा-दोन वर्षांत मळकट दिसेल. ही या रंगाची मर्यादाच आहे. त्यावर साधा कडक इमल्शन चढवू नका. खालचा थर ताणला की वरचा तडकतो. कंपनी ज्याची शिफारस करते तोच वरचा रंग घ्या.

फुगा आला तर तो कापून बघा. आतून पाणी आलं तर पाणी मागून येतंय, तेव्हा वर कठड्याचा माथा आणि आत पाइप तपासा. फुगा कोरडा असेल तर सोललेल्या तुकड्याची मागची बाजू पाहा. तिला जुन्या रंगाची किंवा पुट्टीची भुकटी चिकटली असेल तर भिंत नीट तयार केलेली नव्हती. मागची बाजू स्वच्छ असेल तर प्रायमर लागलेला नव्हता किंवा भिंत ओली होती. हा तुकडा तारखेसह पिशवीत ठेवून ठेकेदाराला दाखवा. गॅरंटीच्या बोलण्यात त्याच्याइतका पुरावा दुसरा मिळत नाही. यासाठीच एकूण बिलातला दहा टक्के भाग ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात आधीपासून घालून घ्या.